चार नंबरची चालू खिडकी

शाखेत तिला सगळे चार्टबाई म्हणायचे. तोंडावर 'ताई', पाठीमागे चार्टबाई, आणि जेवणाच्या पाळ्यांचा चार्ट लागला त्या दिवशी आणखी काहीबाही. कारण कुणी कधी जेवायचं हे ठरवणं म्हणजे घरात सासू होणं, आणि ते तिच्याकडे होतं.

आधी शाखेत दीड वाजला की सगळे एकदम उठायचे, एकदम डबे उघडायचे. बाहेर नेमकी तेव्हाच गर्दी. इतर कचेऱ्यांतल्या लोकांना बँकेत यायला त्यांच्या जेवणाच्या सुट्टीतच वेळ मिळतो. त्यांची सुट्टी आणि आपली सुट्टी एकच ठेवली, तर काचेच्या दोन्ही बाजूंना उपाशी माणसं एकमेकांकडे बघत बसतात. चार्टबाईनं हा रिवाज मोडला. साडेअकराला एकानं, बाराला दुसऱ्यानं, सव्वादोनला तिसऱ्यानं जेवायचं. साडेबारा ते दोन तिन्ही खिडक्यांवर माणूस हवा म्हणजे हवा. महिनाअखेरचे तीन दिवस आणि पहिल्या तारखेनंतरचे दोन, या पाच दिवसांत कुणाची रजाही नाही.

"साडेअकराला जेवण?" दोन नंबरवरचा पहिल्याच दिवशी म्हणाला होता. त्याला सगळे पंडित म्हणायचे, कारण त्याला सगळंच माहीत असायचं. "ताई, साडेअकराला माणूस जेवत नाही. साडेअकराला माणूस सकाळचा चहा पचवतो."

"मग तू सव्वादोनला जेव."

"सव्वादोनला माणूस मरतो."

साडेअकराची पाळी आनंदानं घेतली ती एकीनंच. तीन नंबरवरची चिमणी. आवाज बारीक, हात भरभर, म्हणून चिमणी. बँकेमागच्या गल्लीत तिचं घर. घरात तिचे वडील एकटे, दोन्ही डोळ्यांनी अधू. साडेअकराला ती जवळजवळ पळतच घरी जायची, त्यांच्या हाताला ताट लावून द्यायची, "भाजी घड्याळाच्या तीनवर, आमटी नऊवर" असं सांगायची, स्वतः चार घास गिळायची आणि बारा वाजायला दोन मिनिटं असताना खिडकीत हजर व्हायची. चौदा महिन्यांत एकदाही उशीर नाही.

खिडक्या खरं तर चार होत्या. चौथी खांबाच्या पलीकडे, कोपऱ्यात. तिथे आक्का बसायची. चार्टबाई आणि आक्का एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या, एकमेकींच्या डब्यातलं न विचारता उचलणाऱ्या. आक्काचा आवाज मोठा गोड. टोकनचं मशीन आलं तेव्हा त्यातल्या बाईचा आवाज कुणालाच आवडेना, म्हणून साहेबांनी आक्कालाच एका खोलीत बसवून एकापासून नऊशे नव्व्याण्णवपर्यंतचे आकडे बोलून घेतले. "टोकन क्रमांक एकशे बारा. काउंटर क्रमांक दोन." चौदा महिन्यांपूर्वी आक्का आजारपणात गेली. तिच्या जागी माणूस आला नाही. आवाज मात्र तसाच रोज दहा ते चार बोलत राहिला.

पहिले काही दिवस सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा. मग कानांना सवय झाली. कानांना कशाचीही होते.

महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला सकाळी साहेबांनी चार्टबाईला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा लग्नाची बातमी द्यावी तसा.

"अभिनंदन ताई. सलग चौदावा महिना. एकही ग्राहक पंधरा मिनिटांच्या वर थांबलेला नाही. महिनाअखेरीससुद्धा! मुख्य कचेरीनं लिहून कळवलंय."

"बरं झालं."

"आणि..." साहेबांनी कागद उलटा केला. "म्हणून ते म्हणतात की इथे एक माणूस जादा आहे. सगळ्यात शेवटी आलेला कर्मचारी एक तारखेपासून दुसऱ्या शाखेत. म्हणजे तीन नंबर."

"चिमणी? ती शाखा कुठे आहे माहितीये का साहेब? जायला दोन तास, यायला दोन तास. साडेअकराला तिच्या वडिलांना जेवायला कोण घालणार?"

"ते मी कसं लिहू? आकडे बोलतात, ताई. तुमचेच आकडे."

चार्टबाई बाहेर आली. चिमणीनं काचेतूनच विचारलं, "काय झालं ताई? साहेब हसत होते." चार्टबाई म्हणाली, "काही नाही, तू तुझं काम कर." उत्तर देताना तिला आपलीच लाज वाटली.

पण एक गोष्ट तिला टोचत राहिली. ती रोज मागच्या टेबलावर बसून कागद पास करायची. तिथून हॉल दिसत नसे, फक्त ऐकू यायचा. गणित मात्र तिला तोंडपाठ होतं. एका माणसाच्या कामाला चार मिनिटं, म्हणजे एक खिडकी तासाला पंधरा माणसं. तीन खिडक्या पंचेचाळीस. दुपारी तासाला सत्तावन्न येतात, महिनाअखेरीस सत्तर. येणारे जाणाऱ्यांपेक्षा जास्त, म्हणजे रांग फुगणार आणि फुगतच जाणार. दोन वाजेपर्यंत शेवटच्या माणसाला पाऊण तास थांबावं लागणार. मग पंधरा मिनिटं आली कुठून? आजवर तिला वाटायचं, आपली पोरं भराभर काम करतात. आपल्या चार्टचं यश आहे. माणूस यशाकडे डोळे वटारून बघत नाही.

तिनं टोकन मशीनचा तपशीलवार अहवाल काढला. आजवर ती फक्त शेवटची बेरीज पुढे पाठवायची. आता पानन्‌पान बघितलं. काउंटर एक, दोन, तीन. आणि काउंटर चार.

सत्तावीस तारखेला दुपारी एक वाजून चार मिनिटांपासून दोनपर्यंत काउंटर चारनं अकरा ग्राहकांचं काम पूर्ण केलं होतं. प्रत्येकाला बरोबर नव्वद सेकंद. सव्वीसला आठ. पंचवीसला नऊ. मागच्या महिन्याच्या तीस तारखेला अठ्ठावीस.

तिनं मान वर करून खांबाकडे बघितलं. खांबामागे चौथ्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. खुर्चीवर जुन्या फायलींचा ढीग होता.

"पंडित," तिनं हळूच विचारलं, "चार नंबरवर कुणी बसतं का रे दुपारी?"

"हो तर," पंडित नोंद करता करता म्हणाला, "पाल बसते. कायम नेमणुकीवर."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. नवरा शाळामास्तर, त्याला प्रत्येक गोष्टीला कारण लागायचं. "मशीनमध्ये चूक असेल."

"चूक रोज एकच्या पुढे सुरू होऊन दोनला थांबते का हो? चुकीला पण माझाच चार्ट लावलाय का?"

नवरा हसला. तिनं त्याला एक गोष्ट सांगितली नव्हती. मागच्या कुठल्याशा महिनाअखेरीस, टेबलावर मान खाली घालून बसलेली असताना, तिनं आक्काचा आवाज ऐकला होता. "काउंटर क्रमांक चार." भास म्हणून तिनं झटकून टाकला होता. गेलेल्या मैत्रिणीचा आवाज दिवसातून दोनशे वेळा ऐकणाऱ्या बाईला एखादा भास व्हायचाच.

एकोणतीस तारखेला एकच्या ठोक्याला ती पासिंगचा शिक्का साहेबांच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "दीड तास तुम्ही बघा. मी रांगेत उभी राहते." साहेबांनी तोंड उघडलं, पण तोवर ती निघून गेली होती. तिनं दारावरच्या मशीनमधून टोकन काढलं. एकशे अडतीस. आणि आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्याच शाखेत गिऱ्हाईक म्हणून बाकावर बसली.

बाक कडक होता. पंख्याचा वारा तिथवर पोचत नव्हता. काचेपलीकडे पोरं मान वर न करता राबत होती. चिमणीचे हात तर दिसतच नव्हते, इतके भरभर. माणसं आत येतच राहिली. हातात हेल्मेट, गळ्यात ओळखपत्र, डोळे घड्याळावर. कुणी बोलत नव्हतं. इतकी माणसं एका खोलीत आणि फक्त कागदांची सळसळ. वरून आक्का एकेकाला हाक मारत होती.

एक वाजून सहा मिनिटं.

"टोकन क्रमांक एकशे एकोणीस. काउंटर क्रमांक चार."

चार्टबाईच्या हातातला कागद ओला झाला. भास नव्हता. एक बाई उठली, पिशवी सावरत खांबामागे गेली. कुणी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. दीड मिनिट गेलं.

"टोकन क्रमांक एकशे बावीस. काउंटर क्रमांक चार."

एक तरुण उठला, खांबामागे गेला. मग एक म्हातारे गृहस्थ. आक्का मधूनमधून एकेकाला उचलत होती. शांतपणे, प्रेमानं, जेवायला बोलवावं तशी. खांबामागे जाणारे दिसत होते; परत येऊन बसणारा एकही नव्हता.

"तुम्हाला काय वाटतं," चार्टबाईनं शेजारच्या माणसाला विचारलं, "तिथे लवकर होतं का हो?"

तो घड्याळाकडेच बघत म्हणाला, "तिथे गेलं की संपतं."

"म्हणजे?"

"मागच्या महिन्यात मला तिथेच बोलावलं. गेलो. मग कामावर परत गेलो." तो थोडंसं हसला. "तेव्हाचं काम करायला आज आलोय."

"टोकन क्रमांक एकशे अडतीस. काउंटर क्रमांक चार."

मैत्रिणीनं नाव घेऊन हाक मारावी तसं झालं. चार्टबाई उठली. खांबाला वळसा घातला.

तिथे उजेड कमी होता. वर लाल अक्षरांत १३८ जळत होतं. खाली बंद काच, आत पडदा. समोर ते म्हातारे गृहस्थ अजून उभे होते, हातात चेक धरून, अदबीनं, कुणीतरी येईल अशा खात्रीनं. काचेत चार्टबाईला एक बाई दिसली. ते आपलंच प्रतिबिंब आहे, हे समजायला एक श्वास जास्त लागला.

"काका, ही खिडकी बंद आहे."

"बंद कशी? नंबर घेतला ना माझा. त्या बाईंनी हाक मारली." म्हाताऱ्यांनी वर बोट केलं. "इतक्या गोड आवाजात बोलावतात, आत गेल्या असतील काहीतरी आणायला. येतील."

लाल १३८ विझलं. १४१ पेटलं. मशीनच्या लेखी चार्टबाईचं काम नव्वद सेकंदांत झालं होतं.

दाराशी बसणारा वॉचमन सुभेदार म्हणून ओळखला जायचा. तिनं त्याला गाठलं. "सुभेदार, चार नंबरला गेलेली माणसं जातात कुठे?"

"कुठे जातात म्हणजे? त्या बाजूच्या दारानं बाहेर. ज्यांची सुट्टी संपते ते जातात. ज्यांना सवड असते ते माझ्याकडे येऊन कावकाव करतात, त्यांना मी नवीन टोकन देतो."

"नवीन टोकन! आणि मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, यांचा नंबर चुकतोय. रोज चुकतो. लोकांचं लक्ष कुठे असतं हो ताई? मोबाईलमध्ये."

नवीन टोकन म्हणजे नवा ग्राहक. त्याचा थांबा पुन्हा शून्यापासून. चार्टबाई पायरीवरच बसली.

तिथूनच तिनं मशीन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला फोन लावला. तो लगेच ओळखून म्हणाला, "हां, ती शाखा! अहो, सोपं आहे. पंधरा मिनिटं झाली की मशीन ग्राहकाला रिकाम्या खिडकीकडे वळवतं. तुमची चार नंबर कायम रिकामी, म्हणून तिकडे. आणि त्या खिडकीला आपोआप पुढे सरकायची सोय लावलेली आहे. त्या मॅडम बटण दाबायला विसरायच्या ना, म्हणून."

"पण ती खिडकी बंद आहे. ती चालू कुणी ठेवली?"

मग तो अडखळत म्हणाला, "ताई, मी विचारलं होतं. चार बंद करू का म्हणून. तुम्हीच म्हणालात, राहू दे."

तिला आठवलं. आक्काला जाऊन आठवडा झाला होता. मेकॅनिक मशीन उघडून उभा होता आणि ती म्हणाली होती, "राहू दे रे चालू. बंद दाखवलं तर मुख्य कचेरी म्हणेल जागाच नको. माणूस यायचा तो यायचा नाही." हे खरं कारण होतं. आणि दुसरं कारण, जे ती तेव्हा बोलली नव्हती, तेही खरं होतं. आक्काची खिडकी आपल्या हातानं बंद करवत नव्हती.

माणूस मिळावा म्हणून जी खिडकी चालू ठेवली, तीच चौदा महिने रोज दुपारी जादाची माणसं गिळत होती, गर्दी लपवत होती, आणि आता असलेला माणूसही घेऊन चालली होती.

साहेब ऐकून घेऊन पांढरे पडले. "ताई, दोन दिवस थांबा. महिना संपू दे. आत्ता ती बंद केली तर उद्या, तीस तारखेला, थांबा पन्नास मिनिटांवर जाईल. आपली शाखा एकदम लाल यादीत!"

"जाईल."

"आणि मागचे चौदा महिने? सह्या तुमच्या आहेत. तुमची दोन वर्षं राहिलीत नोकरीची. कुणी मुद्दाम केलं म्हणालं तर?"

"मुद्दामच केलंय साहेब. परिणाम माहीत नव्हता, एवढंच." ती उठली. "परवा चिमणीला कार्यमुक्त करायचंय ना? मग माझ्याकडे उद्याचाच दिवस आहे."

तीसला सकाळी साडेनऊला तिनं मेकॅनिकला समोर उभं करून चार नंबर बंद करवली. मग साडेबारा ते दोन हॉलमध्ये उभी राहिली. सव्वाला बाक भरले. दीडला माणसं भिंतींना टेकली. पावणेदोनला रांग दाराबाहेर पायरीवर. आता कुणीच गायब होत नव्हतं. त्यामुळे चेहरे साचत गेले. ते सगळे तिच्याकडे बघत होते. एकानं आवाज चढवला, मग चौघांनी. पंडितनं काचेतून विचारलं, "ताई, ही एवढी माणसं आली कुठून?"

"रोज येतात," ती म्हणाली. "आपण रोज यांना घालवत होतो."

त्या दिवशीचा सगळ्यात मोठा थांबा अठ्ठेचाळीस मिनिटं. तिनं तो आकडा लिहिला, त्याखाली चौदा महिन्यांचा काउंटर चारचा तपशील जोडला, त्याखाली आपण मेकॅनिकला काय सांगितलं ते शब्दशः लिहिलं, आणि चार वाजायच्या आत मुख्य कचेरीला पाठवलं.

साडेचारला फोन आला. नेमणुका ठरवणारे अधिकारी होते. रागावलेला आवाज नव्हता, म्हणून ती जास्त घाबरली.

"बाई, मी बेरीज केली. काउंटर चारनं चौदा महिन्यांत तीन हजार नऊशे बारा लोकांचं काम पूर्ण केलंय."

"हो."

"मग ती माणसं गेली कुठे?"

मागे सुभेदार शटर ओढत होता. "काही पुन्हा आली असतील," ती म्हणाली. "बाकीच्यांचं मला सांगता येणार नाही."

"परवा येतो," ते म्हणाले. "कुणाला सांगू नका. टोकन घेऊन बसेन. तोवर तीन नंबरला सोडू नका."

ते आले. दोन तारखेला, पेन्शनवाल्यांच्या गर्दीत, पावणेदोन वाजता. त्रेचाळीस मिनिटं बाकावर बसले. मग उठून केबिनमध्ये आले आणि साहेबांकडे न बघता चार्टबाईला म्हणाले, "तीन नंबरची बदली रद्द. जादा माणूस मात्र लगेच मिळणार नाही. आधी तीन महिन्यांचे खरे आकडे द्या."

"देते. आणि तोवर साडेबारा ते दोन?"

"तोवर तुम्ही बसा. पासिंग साहेब करतील." साहेबांनी खुर्चीत चुळबुळ केली. "आणि बाई, तुमच्यावर लेखी ताशेरा येईल. दोन वर्षांत बढतीचा विषय काढू नका."

"मी काढणारच नव्हते," चार्टबाई म्हणाली. हे मात्र खोटं होतं.

चिमणीला तिनं स्वतःच सगळं सांगितलं, बदलीपासून ताशेऱ्यापर्यंत. चिमणी ऐकत राहिली. मग एवढंच म्हणाली, "बाबा विचारतात, तुमच्या त्या ताई कुठल्या पाळीला जेवतात? मी म्हटलं, ठाऊक नाही. चार्टमध्ये तुमचं नावच नसतं."

दुसऱ्या दिवशी चार्टबाईनं खुर्चीवरच्या फायली उचलल्या, पडदा सारला, काच ओल्या फडक्यानं पुसली. साडेबाराला तिनं मशीनमध्ये खिडकी चालू केली आणि आपोआप पुढे सरकायची सोय काढून टाकली. आता इथला नंबर ती बटण दाबेल तेव्हाच बदलणार होता.

वरून आक्कानं पहिल्या माणसाला हाक मारली. चार्टबाईच्या मानेवरचे केस उभे राहिले, आणि ते त्या दिवशी दोनपर्यंत तसेच राहिले. एकामागून एक माणसं खांबाला वळसा घालून यायची, आत कुणीतरी बसलेलं बघून दचकायची. एका बाईनं तर काचेला बोट लावून बघितलं.

"आहात ना?" बाईनं विचारलं.

"आहे," चार्टबाई म्हणाली. "द्या कागद."

पावणेदोनला तिला काचेतून एक माणूस घड्याळ बघून उठताना आणि टोकन चुरगाळून दाराकडे जाताना दिसला. चार खिडक्या असूनही. महिन्याची तीन तारीख होती ना. तिनं हातातलं काम थांबवलं नाही. फक्त शेजारच्या चार्टवर, जेवणाच्या पाळ्यांच्या पुढे, पट्टी धरून एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'थांबून निघून गेले'. आणि खाली, वेळ टाकून, त्या माणसासाठी एक उभी रेघ मारली.